फोटोतल्या क्षयवक्रावरून अर्धायुष्य कसं काढायचं

किरणोत्सर्गी क्षयाच्या आलेखाचा फोटो मोबाईलवर आला की बरेच विद्यार्थी एकच काम करतात. वक्र जिथून सुरू होतो तो आकडा घ्यायचा, निम्मा करायचा, तिथून आडवी रेष मारायची आणि वक्राला लागल्यावर खाली उतरून वेळ वाचायची. रीत बरोबर आहे, पण ती अर्धीच झाली. पुढच्या पायऱ्या गाळल्या तर उत्तर पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतं आणि चुकलंय हे कळतही नाही.

गोव्यात अकरावी-बारावीला किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्यांसाठी हे लिहितोय. लघुगणक येत नसले तरी चालेल. एक मोबाईल, जमल्यास एक कॉम्प्युटर, आणि कागद-पेन्सिल एवढं पुरे.

उदाहरणाला बेरियम-१३७एम घेऊया. सिझियम-१३७ चं अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचं. त्याच्या क्षयातून हे बेरियम सतत तयार होत असतं. सिझियम भरलेल्या छोट्या नळीतून सौम्य आम्लाचं द्रावण ढकललं की बेरियम त्याच्याबरोबर बाहेर येतं आणि सिझियम आतच राहतं. बाहेर आलेले थेंब गायगर काउंटरखाली ठेवून दर दहा सेकंदांचे काउंट मांडत गेलं, की पाऊण तासाच्या तासिकेत अख्खा क्षयवक्र मिळतो. म्हणूनच शिकवायला हे बेरियम सोयीचं. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, पण खऱ्या प्रयोगात साधारण असेच येतात. आडव्या अक्षावर वेळ, ० ते १५०० सेकंद. उभ्या अक्षावर दहा सेकंदांतले काउंट, ० ते ९००. वक्र ८४० पासून सुरू होतो, आधी झपाट्याने आणि मग हळूहळू उतरतो, आणि शेवटी जवळजवळ आडवा होतो.

फोटो सरळ आहे का ते आधी बघा

मोबाईल तिरका धरून काढलेल्या फोटोत आलेखाची चौकट चौकोनी राहत नाही. लांबची बाजू आखूड होते. मग डावीकडचे शंभर सेकंद आणि उजवीकडचे शंभर सेकंद फोटोत सारख्या अंतराचे उरत नाहीत. पान स्कॅन करणारं कुठलंही अ‍ॅप चार कोपरे पकडून हा तिरकेपणा काढून टाकतं, पण त्यासाठी चारही कोपरे फोटोत यायला हवेत.

आपल्याकडे पावसाळ्यात दुसरी अडचण येते. जून-जुलैत वहीचा कागद सादळतो आणि त्याला लाटा येतात. स्कॅन अ‍ॅप पान सपाट आहे असं धरून चालतं, त्यामुळे ते तिरकेपणा घालवतं, पण लाटा तशाच राहतात. अशा पानावर रात्रभर जाडजूड पुस्तकं ठेवा आणि सकाळी खिडकीच्या उजेडात फोटो काढा. ट्यूबलाईटखाली काढलात तर गुळगुळीत कागदावर नेमकी वक्राच्या शेपटीवर चमक येते आणि रेषा पुसट होते.

फोटो अगदी जवळून काढू नका. जवळून काढला की कडेच्या सरळ रेषा किंचित बाहेर फुगतात. हातभर मागे सरा आणि दुप्पट झूम करा. फोटो दुसऱ्याला पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होऊन पोचतो आणि अक्षावरच्या बारीक खुणा विरघळतात.

अक्ष वाचल्याशिवाय पेन्सिल उचलू नका

उभा अक्ष खरंच शून्यापासून सुरू होतो का? कागद वाचवायला काही जण तो ५० किंवा १०० पासून सुरू करतात. तिथे वक्राची उंची पट्टीने मोजून निम्मी केली तर ती खऱ्या आकड्याची निम्मी नसते. निम्मा करायचा तो आकडा, कागदावरची उंची नाही.

दुसरं म्हणजे, खुणांवर १, १०, १००, १००० असं लिहिलेलं असेल आणि त्यांच्यातली अंतरं सारखी असतील, तर तो लघुगणकी अक्ष आहे. त्यावर क्षयवक्र सरळ रेषेसारखा दिसतो. १००० आणि १०० यांच्या मधोमध ५०० नसतात. मधोमध ३१६ येतात, आणि ५०० ची जागा १००० च्या खुणेपासून फक्त तीस टक्के खाली असते. या लेखातली पिक्सेलची पद्धत साध्या, सारख्या खुणांच्या अक्षासाठी आहे.

पिक्सेलचं माप बसवा

फोटो कॉम्प्युटरवर पेंटमध्ये उघडला की कर्सर नेऊ तिथले दोन आकडे खाली दिसतात. पहिला डावीकडून किती पिक्सेल, दुसरा वरून किती पिक्सेल. दुसरा आकडा खाली जाताना वाढतो हे लक्षात असू द्या, नाहीतर सगळी वजाबाकी उलटी होते. कॉम्प्युटर नसेल तर फोटोची मोठी झेरॉक्स काढून मिलिमीटरच्या पट्टीने हेच काम करता येतं.

आपल्या आलेखात आडव्या अक्षावरचं शून्य १८० व्या पिक्सेलवर आहे आणि १५०० सेकंदांची खूण १३८० व्या. म्हणजे १२०० पिक्सेलमध्ये १५०० सेकंद, अर्थात एका सेकंदाला ०.८ पिक्सेल. उभ्या अक्षाचं शून्य ९६० वर, ८०० ची खूण २४० वर. म्हणजे ७२० पिक्सेलमध्ये ८०० काउंट, एका काउंटला ०.९ पिक्सेल.

माप बसलं की ते तपासायचं. ७५० सेकंदांची खूण बरोबर मधोमध, म्हणजे ७८० व्या पिक्सेलवर सापडायला हवी. दोन-तीन पिक्सेल इकडेतिकडे असेल तर हरकत नाही. पण ती ७६८ वर सापडली, तर बारा पिक्सेलची चूक म्हणजे पंधरा सेकंदांची चूक. असा फोटो परत सरळ करा किंवा परत काढा. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि ती टाळली तर पुढचं सगळं बारकाईचं काम वाया जातं.

पहिली फेरी: नुसतं निम्मं

आता नेहमीच्या रीतीने वाचू. सुरुवात ८४०. निम्मे ४२०, त्याचे निम्मे २१०, त्याचे निम्मे १०५. उंचीचे पिक्सेल काढून वक्रावर शोधलं तर ४२० ला वेळ येते १६४ सेकंद, २१० ला सुमारे ३४३, आणि १०५ ला ५५४.

एका टप्प्यापासून पुढच्या टप्प्यापर्यंत किती वेळ गेला ते काढा: १६४, १७९, २११ सेकंद. इथेच थांबून बघायचं. एकाच किरणोत्सर्गी पदार्थाचा क्षय असेल तर प्रत्येक वेळी निम्मं व्हायला सारखाच वेळ लागायला हवा. ८४० वरून मोजा नाहीतर ३०० वरून, काळ तोच. इथे तो दर खेपेला वाढत चाललाय. आकडे वाचताना हात हलला असता तर एखादा काळ जास्त, एखादा कमी असा आला असता. सलग वाढत जाणं हे दुसऱ्याच गोष्टीचं लक्षण आहे.

साखळीहून येणारी माझी एक विद्यार्थिनी हेच आकडे घेऊन आली होती. तिने विचारलं, “सर, तिन्हींची सरासरी काढू?” मी म्हटलं, “नको गं. सरासरी काढलीस की १८५ येतील, आणि हे तीन आकडे जे सांगतायत ते त्यात बुडून जाईल.” एकापेक्षा जास्त वेळा निम्मं करायला सांगतात ते यासाठीच. एकाच टप्प्यावर थांबली असती तर १६४ लिहून मोकळी झाली असती.

बॅकग्राउंड काढून टाका

काउंटरला फक्त आपल्या थेंबांतलं बेरियम दिसत नाही. अंतराळातून येणारे वैश्विक किरण, मातीतून झिरपणारा रेडॉन, चिऱ्याच्या भिंतीत आणि लादीत सूक्ष्म प्रमाणात असलेलं युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम, या सगळ्यांचे काउंट त्यात मिसळलेले असतात. बेरियम संपलं तरी ते येतच राहतात. म्हणून वक्र शून्याला टेकत नाही, त्याच्या थोडा वर आडवा होतो.

ती आडवी पातळी किती आहे हे शेपटीवरून वाचा. आपल्या आलेखात १२०० सेकंदांनंतर वक्र जवळजवळ सपाट होतो आणि १५०० जवळ साधारण ४० वर असतो. हे ४० म्हणजे बॅकग्राउंड.

काही वेळा शिक्षकांनी प्रयोगाआधी रिकाम्या खोलीचं बॅकग्राउंड मोजून पानावर लिहिलेलं असतं, समजा २८. मग २८ घ्यायचे की ४०? या प्रयोगात मी शेपटीचे ४० घेईन. नळीतून द्रावण ढकलताना कधीकधी थोडं सिझियमही बाहेर निसटतं. तीस वर्षांच्या अर्धायुष्यापुढे पंचवीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, त्यामुळे त्या सिझियमचे काउंट आलेखभर एकसारखे राहतात आणि खोलीच्या बॅकग्राउंडमध्ये मिसळून पातळी वर उचलतात. रिकाम्या खोलीच्या मोजणीत ते येत नाहीत, शेपटीत येतात.

दुसरी फेरी: बेरियमचं निम्मं

८४० मधून ४० वजा केले की बेरियमचे उरले ८००. निम्मे करायचे ते हे ८००. त्यांचे निम्मे ४००, पण वक्रावर बॅकग्राउंड मिसळलेलंच आहे, म्हणून शोधताना ४० परत मिळवायचे. शोधायचे आकडे असे: ४००+४० = ४४०, २००+४० = २४०, १००+४० = १४०, ५०+४० = ९०. वजा करून निम्मं करायचं आणि परत मिळवून शोधायचं, ही जोडी नवख्यांकडून सर्वात जास्त वेळा तुटते. वजा केल्यावर थेट ४०० वरच रेष मारली जाते.

पहिला टप्पा पिक्सेलसकट करून बघू. ४४० काउंट म्हणजे ४४० × ०.९ = ३९६ पिक्सेल वर. शून्य ९६० वर आहे, म्हणून ९६० − ३९६ = ५६४. कर्सर ५६४ च्या ओळीत ठेवून आडवा सरकवत न्या. वक्राच्या रेषेचा मध्य ३०२ व्या पिक्सेलवर सापडतो. ३०२ − १८० = १२२, आणि १२२ ÷ ०.८ = १५२.५ सेकंद.

याच रीतीने २४० ला ३०७.५ सेकंद, १४० ला ४५७.५, आणि ९० ला सुमारे ६१६. प्रत्येक टप्प्याचे काळ: १५२.५, १५५, १५०, १५८.५. आता ते एकाच दिशेने वाढत नाहीत. थोडे वर, थोडे खाली असे १५३ च्या आसपास फिरतात. वाचताना होणारी साधी चूक अशीच दिसते.

रेषा शोधताना गुळगुळीत वक्रावर शोधा, सुट्या बिंदूंवर नको. दहा सेकंदांत ४४० काउंट आले तर तेच मोजमाप परत घेतल्यावर ४२० किंवा ४६० येऊ शकतात, कारण क्षय हा योगायोगाने होतो आणि चढउतार साधारण काउंटच्या वर्गमुळाएवढा असतो. ४४० चं वर्गमूळ २१. एकट्या बिंदूवर भिस्त ठेवली तर या उंचीवर एवढ्यानेच बारा सेकंदांचा फरक पडतो. फोटोत नुसते बिंदू असतील तर त्यांच्यामधून हाताने एक सलग वक्र काढा, वर-खाली सारखे बिंदू राहतील असा, आणि मग तो वाचा.

कुठल्या टप्प्यावर किती भरवसा ठेवायचा

चार टप्पे मिळाले म्हणून चारही सारखे मोलाचे नाहीत. रेषेची जाडी चार पिक्सेल धरा. तिचा मध्य ठरवताना दोन पिक्सेलची चूक होईल, म्हणजे सुमारे दोन काउंट. ४४० च्या उंचीवर वक्र तीव्र उतरतो, तिथे दोन काउंटने वेळेत जेमतेम एक सेकंदाचा फरक पडतो. ९० च्या उंचीवर वक्र लोळत चाललेला असतो, तिथे त्याच दोन काउंटने जवळजवळ दहा सेकंद इकडचे तिकडे होतात. शेवटचा काळ १५८.५ आला त्याचं नवल नाही.

म्हणून मी उत्तर काढतो ते दोन किंवा तीन टप्प्यांच्या एकूण वेळेवरून. ३०७.५ ÷ २ = १५३.७५ आणि ४५७.५ ÷ ३ = १५२.५. वहीत लिहायचं ते ‘१५३ सेकंद, दोन-तीन सेकंद कमीजास्त’. बेरियम-१३७एमचं पुस्तकातलं अर्धायुष्य २.५५ मिनिटं, म्हणजे १५३ सेकंदच. चौथा टप्पा उत्तरात धरत नाही, पण वाचतो जरूर, कारण बॅकग्राउंड बरोबर घेतलंय की नाही हे तोच सांगतो.

कसं ते बघा. शेपटी वाचताना ४० ऐवजी ४६ घेतले असते तर? पहिला काळ १५१ आला असता, फरक जाणवणारही नाही. पण पुढचे काळ १५०, १४७, १४१ असे घसरत गेले असते. बॅकग्राउंड कमी काढलं की काळ वाढत जातात, जास्त काढलं की घटत जातात. असे सलग घटताना दिसले की शेपटी परत वाचा.

बॅकग्राउंड नीट काढूनही काळ वाढतच राहिले, तर नमुन्यात जास्त काळ टिकणारा दुसरा किरणोत्सर्गी पदार्थ मिसळलेला असू शकतो. मग एकच अर्धायुष्य काढण्यात अर्थ नाही. आणि फक्त पहिलाच काळ लांब, बाकीचे सारखे, असं दिसलं तर संशय काउंटरवर घ्यावा. फार वेगाने काउंट येत असतील तर गायगर काउंटर दोन काउंटमध्ये क्षणभर आंधळा असतो आणि काही मोजायचे राहून जातात, त्यामुळे सुरुवातीचा भाग खरा होता त्याहून बुटका दिसतो. आपल्या उदाहरणात सेकंदाला ८४ काउंट आहेत, तेवढ्याला हा त्रास होत नाही. सेकंदाला हजाराच्या घरात गेले की होतो. त्यावर साधा उपाय म्हणजे सुरुवात सोडून द्यायची आणि वक्राच्या थोड्या खालच्या बिंदूपासून निम्मं करायला लागायचं.

फोटोत शेपटीच नसेल तर

हे वारंवार घडतं. फळ्यावरचा आलेख घाईत टिपलेला असतो आणि उजवी बाजू कापली गेलेली असते. वक्र ४०० सेकंदांवरच संपतो, बॅकग्राउंड कुठून वाचायचं?

सारख्या अंतरावरच्या तीन वेळांचे काउंट वाचा. आपण ०, २०० आणि ४०० सेकंद घेऊ. वक्रावर तिथे ८४०, ३६३ आणि १७१ मिळतात. बॅकग्राउंड वजा केल्यावर पहिल्यापासून दुसरा ज्या पटीत कमी झाला, त्याच पटीत दुसऱ्यापासून तिसरा कमी व्हायला हवा, कारण मधला वेळ सारखा आहे. तीन काउंटना क्रमाने N1, N2, N3 म्हटलं, तर या एका अटीवरून बॅकग्राउंड B निघतो:

```
B = (N1*N3 - N2*N2) / (N1 + N3 - 2*N2)
```

आकडे घालू. ८४० × १७१ = १४३६४०, ३६३ चा वर्ग १३१७६९, वजाबाकी ११८७१. खाली ८४० + १७१ − ७२६ = २८५. भागाकार सुमारे ४२. शेपटी न बघता ४० च्या जवळ पोचलो. पुढे नेहमीसारखं: ८४० − ४२ = ७९८, निम्मे ३९९, त्यात ४२ मिळवून ४४१ वर रेष मारायची.

मात्र ही रीत तिसऱ्या आकड्याबाबत फार हळवी आहे. १७१ च्या जागी १७५ वाचले, म्हणजे फोटोत चार पिक्सेलपेक्षाही कमी चूक झाली, तर B थेट ५३ वर जातो. अर्धायुष्य मात्र तेवढं बिघडत नाही, पहिल्या दोन आकड्यांवरून काढलं तर १५२ ऐवजी १४९ च्या आसपास येतं. म्हणून अशा फोटोत तिसरा आकडा झूम करून दोनतीनदा वाचा, आणि उत्तरापुढे चार-पाच सेकंदांची ढिलाई ठेवा. सोबत ‘शेपटी फोटोत नाही, बॅकग्राउंड तीन बिंदूंवरून काढलं’ असं लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला तुमचा आकडा कुठून आला ते कळेल.